विश्लेषण : थ्रीडी प्रिंटरवर उंच, निमुळती प्रतिकृती शेंड्यालाच का बिघडते?

थ्रीडी प्रिंटरवर कुतुबमिनाराची प्रतिकृती काढायला घेतली, की पहिले दोन तास बहुधा सगळे सुरळीत चालते. तळ नीट बसतो, खालचे मजले स्वच्छ उतरतात. बिघाड होतो तो शेवटच्या अर्ध्या तासात. शेंडा मेणासारखा पाघळतो, एका बाजूला झुकतो किंवा नोझलच्या धक्क्याने मोडून पडतो आणि पुढचे प्लास्टिक हवेतच शेवयांसारखे सुटत राहते. अशा वेळी बहुतेक जण इनफिल वाढवतात किंवा वेग सरसकट निम्म्यावर आणतात. पण या दोन्ही उपायांनी मूळ दुखणे जात नाही. ते कशात आहे आणि स्लायसरमधील कोणती सेटिंग खरोखर कामाला येतात, याचा हा आढावा.

उदाहरण कुतुबमिनाराचेच का?

कुतुबमिनाराची उंची ७२.५ मीटर आहे. तळाचा व्यास १४.३२ मीटर, तर शेंड्याचा व्यास अवघा २.७५ मीटर. १:४०० या प्रमाणात प्रतिकृती काढली, तर ती साधारण १८१ मिलिमीटर उंच होते. तिचा तळ ३५.८ मिमी रुंद असतो आणि शेंडा ६.९ मिमी, म्हणजे जवळपास पेन्सिलीएवढा. एकाच वस्तूत रुंद तळ आणि बारीक शेंडा असल्यामुळे उंचीनुसार अडचण कशी बदलत जाते, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

पुढचे हिशेब ज्यावर आधारले आहेत, ती सेटिंग घरगुती प्रिंटरवर नेहमी दिसणारी आहेत. नोझल ०.४ मिमीचे, प्लास्टिकच्या रेघेची रुंदी ०.४५ मिमी, थराची जाडी ०.२ मिमी, बाहेरच्या भिंती तीन, इनफिल १५ टक्के, वेग सेकंदाला ५० मिमी आणि फिलामेंट पीएलए. मिनार तळापासून शेंड्यापर्यंत एकसारखा निमुळता होतो, असे सोयीसाठी धरले आहे. या सेटिंगवर प्रतिकृतीचे ९०६ थर होतात आणि जेमतेम ३० ग्रॅम प्लास्टिक लागते. म्हणजे प्रिंट फुकट गेली तर प्लास्टिकचे नुकसान किरकोळ असते, वाया जातात ते अडीच तास.

बिघाडाची सुरुवात कुठे होते?

तळाशी एका थरात नोझलला सुमारे ६१० मिमी लांबीची रेघ ओढावी लागते. सेकंदाला ५० मिमी या वेगाने त्याला १२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात थराच्या सुरुवातीचे प्लास्टिक थंड होऊन घट्ट झालेले असते आणि पुढचा थर त्यावर नीट बसतो.

शेंड्याला चित्र पूर्ण बदलते. तिथे तीन भिंती आणि थोडेसे इनफिल मिळून एका थराची रेघ जेमतेम ५७ मिमी भरते. त्याच वेगाने ती सव्वा सेकंदाच्या आत संपते. म्हणजे खालचा थर अजून मऊ असतानाच २०० अंशांच्या वरचे गरम नोझल आणि नवे प्लास्टिक त्याच्यावर येते. पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडते. थर त्याखाली जायच्या आतच पुन्हा तापत राहिला, तर आकार धरून ठेवायला त्याच्याकडे बळच उरत नाही. शेंडा पाघळतो तो यामुळे. वस्तू उंच आहे म्हणून नव्हे, तर तिचा प्रत्येक थर लहान आहे म्हणून.

पीएलएसाठी आणि चालू फॅनसह, एका थराला किमान १० सेकंद मिळावेत हा उपयोगी अंदाज आहे. प्रिंटरचा फॅन किती जोराचा आहे त्यानुसार हा आकडा थोडा खालीवर होईल.

स्लायसर आपोआप वेग कमी करतो, मग अडचण काय?

करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. प्रुसास्लायसरमध्ये फिलामेंटच्या कूलिंग विभागात `Slow down if layer print time is below` हे सेटिंग असते. क्युरामध्ये त्यालाच `Minimum Layer Time` म्हणतात. तिथे १० सेकंद लिहिले, की त्याहून लवकर संपणाऱ्या थराचा वेग स्लायसर स्वतःच उतरवतो. आपल्या मिनारात ही उतरण साधारण २७ मिमी उंचीपासूनच सुरू होते.

मात्र त्याच विभागात दुसरेही एक सेटिंग असते. प्रुसास्लायसरमध्ये ते `Min print speed`, तर क्युरामध्ये `Minimum Speed` या नावाने दिसते. त्या वेगाच्या खाली स्लायसर जात नाही. ही मर्यादा सेकंदाला १५ मिमी असेल, तर १० सेकंदांत १५० मिमी रेघ ओढली जाते. मिनाराचा व्यास १४ मिमीपर्यंत उतरला, की थराची रेघ यापेक्षा लहान होते. हे घडते १३६ मिमी उंचीच्या आसपास. तिथून पुढे पडद्यावर १० सेकंद लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात थराला तेवढा वेळ मिळत नाही. अगदी टोकाला तर चार सेकंदांहूनही कमी मिळतो. शेवटच्या ४५ मिमीतच बिघाड का होतो, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

मग ही मर्यादा सेकंदाला ५ मिमीवर का आणू नये? कारण तेवढ्या मंद चालीत गरम नोझल बारीक शेंड्यावर जवळजवळ बसूनच राहते आणि स्वतःच त्याला तापवत राहते. शिवाय नोझलमध्ये जास्त वेळ थांबलेले प्लास्टिक अधिक पातळ होऊन झिरपते. म्हणून १० ते १५ मिमीच्या खाली जाण्यात फायदा कमी आणि तोटा जास्त असतो.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. या मिनारासाठी वेग ५० वरून १०० केला, तरी फारसा वेळ वाचत नाही. २७ मिमीच्या वर थराचा वेळ वेगाच्या सेटिंगवर नव्हे, तर १० सेकंदांच्या अटीवर ठरतो.

मग शेंडा थंड कसा ठेवायचा?

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे एकाच वेळी दोन मिनार काढणे. एकाचा थर झाला की नोझल दुसऱ्याकडे जाते आणि पहिल्याला आपोआप विश्रांती मिळते. मुख्य म्हणजे त्या विश्रांतीत गरम नोझल त्याच्या डोक्यावर नसते. दोन मिनार असले, की १० सेकंदांची अट १३६ ऐवजी साधारण १७१ मिमीपर्यंत पाळली जाते. म्हणजे चिंतेचे कारण ४५ मिमीवरून शेवटच्या १० मिमीवर येते. दुसरा मिनार नको असेल, तर शेजारी तेवढ्याच उंचीचा एक पोकळ चौकोनी खांब उभा करून तेच साधता येते. खांब नंतर टाकून द्यायचा. दोन्ही वस्तूंमध्ये चार-पाच सेंटिमीटर अंतर असावे. या फेऱ्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू राहतात, ते नंतर साफ करावे लागतात.

क्युरामध्ये `Lift Head` नावाचा पर्याय आहे. त्यात उरलेला वेळ नोझल बाजूला उचलून धरले जाते. पण थांबलेल्या नोझलमधून प्लास्टिक गळते आणि परत येताना शेंड्यावर त्याचा थेंब चिकटतो. दुसरा काही मार्ग नसेल, तरच हा वापरावा.

पीएलएसाठी फॅन पहिले दोन-तीन थर बंद आणि पुढे १०० टक्के ठेवावा. फॅन आधीच पूर्ण असेल, तर त्या सेटिंगमध्ये वाढवण्यासारखे काही उरत नाही. मग नोझलचे तापमान ५ ते १० अंशांनी उतरवून पाहावे. मंद वेगात प्लास्टिक वितळायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे २१० ऐवजी २०० अंशही पुरतात.

ऋतूचाही परिणाम होतो. प्रिंटरचा फॅन खोलीतलीच हवा फेकतो. मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्यातल्या खोलीत ४० अंशांची हवा असेल, तर ६० अंशांच्या खाली यायला प्लास्टिकला हिवाळ्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. जानेवारीत ८ सेकंदांत जमलेली प्रिंट मेमध्ये १२ सेकंद मागू शकते. बंद पेटीचा प्रिंटर असेल, तर पीएलएसाठी त्याचे दार आणि झाकण उघडे ठेवावे.

थराची जाडी कमी केली तर?

०.२ ऐवजी ०.१२ मिमीचा थर घेतला, तर पृष्ठभाग गुळगुळीत येतो, हे खरे. पण थरांची संख्या ९०६ वरून १,५१० होते. प्रत्येक थराला १० सेकंद द्यायचेच असल्याने वेळही त्याच प्रमाणात, सुमारे अडीच तासांवरून सव्वाचार तासांवर जातो. आणि नोझल बारीक शेंड्यावरून जितक्या जास्त वेळा जाईल, तितके धक्का लागण्याचे प्रसंग वाढतात. दुसऱ्या बाजूला, पातळ थरात प्लास्टिक ४० टक्के कमी असल्याने तेवढ्याच वेळात तो जास्त थंड होतो. म्हणजे पातळ थर सरसकट चांगला किंवा वाईट नाही, तो कुठे वापरायचा हे पाहावे लागते.

मिनारात त्याची खरी गरज सज्जांच्या खाली आहे. कुतुबमिनाराच्या मजल्यांमध्ये चार सज्जे बाहेर डोकावतात. सज्जाखालचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे येतो, म्हणजे त्याची कडा अर्धवट हवेत असते. जाड थरात ती गरम कडा वर मुडपते. पुढच्या फेरीत नोझल त्या वर आलेल्या कडेवर आदळते आणि बारीकसा टक आवाज येतो. बुटक्या वस्तूत असा धक्का पचून जातो. उंच वस्तूत मात्र तरफेचे गणित लागू होते. २० मिमी उंचीवर बसलेल्या धक्क्याचा तळावर जो ताण येतो, त्याच्या नऊपट ताण तोच धक्का १८० मिमीवर बसला तर येतो. मिनार बेडवरून सुटतो किंवा मधूनच मोडतो, तो बहुधा अशाच एखाद्या मुडपलेल्या कडेमुळे.

पातळ थरात प्रत्येक थर कमी पुढे येतो, त्यामुळे कडा मुडपण्याचे प्रमाण घटते. म्हणून मिनारभर ०.२ मिमी ठेवून फक्त सज्जांखालच्या काही मिलिमीटरमध्ये ०.१२ मिमीचा थर घेणे, हा सोयीचा मध्यममार्ग आहे. प्रुसास्लायसरमध्ये त्यासाठी `Variable layer height` हे साधन आहे, तर क्युरामध्ये `Adaptive Layers`. क्युराचे साधन जाडी स्वतः ठरवते, त्यामुळे छपाईआधी प्रीव्ह्यूमध्ये ती तपासून घ्यावी. तळाला सहा-सात मिमीचा ब्रिम लावला, तर बेडवरची पकडही वाढते.

शेंडा मजबूत करायचा, तर भिंती वाढवायच्या की इनफिल?

भिंती. गोल दांडा वाकवायचा प्रयत्न केला, की सर्वाधिक ताण त्याच्या बाहेरच्या कडेवर येतो आणि मध्यभागावर जवळजवळ काहीच येत नाही. सायकलची चौकट भरीव सळयांऐवजी पोकळ नळ्यांची करतात ती याच कारणाने.

शेंड्याचा हिशेब मांडला की फरक कळतो. ६.९ मिमीच्या पूर्ण भरीव दांड्याचा ताठरपणा १०० धरला, तर आतून रिकाम्या पण दोन भिंतींच्या नळीचा ताठरपणा ७० येतो. तीन भिंती केल्या की तो ८६ होतो आणि चार भिंतींना ९५. म्हणजे तीन भिंतींनंतर आतल्या पोकळीकडे केवळ १४ गुण उरतात. त्या पोकळीत इनफिल १५ वरून ४० टक्के केले, तर जास्तीत जास्त तीन-साडेतीन गुणांची भर पडते. एक भिंत वाढवली की नऊ गुण मिळतात.

तळाकडे हे प्रमाण उलटे आहे. तिथे तीन भिंतींचा वाटा २७ टक्केच आहे. पण तळाला ताठरपणाची चिंता नाही. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढत असल्याने भरीव तळ भरीव शेंड्याच्या सातशेपटीहून अधिक ताठर ठरतो. म्हणून खाली तीन भिंती आणि १० टक्के इनफिल पुरेसे आहे. सगळ्या मिनाराचे इनफिल ४० टक्के करणे म्हणजे जिथे गरज नाही, तिथे प्लास्टिक ओतणे.

भिंती फक्त वरच वाढवायच्या, तर प्रुसास्लायसरमध्ये मॉडेलवर राइट क्लिक करून `Height range Modifier` निवडावे. तिथे ठरावीक उंचीपासून पुढे `Perimeters` चा वेगळा आकडा देता येतो. १५० मिमीच्या वर तो सात केला, तर टोकाला आत काही पोकळी उरतच नाही आणि शेंडा भरीव होतो. भिंतींची संख्या जिथे बदलते, तिथे बाहेरून एक पुसटशी रेघ उमटू शकते. हा बदल जवळच्या सज्जाच्या पातळीवर आणला, की ती रेघ लपून जाते.

भरीव शेंड्याचा दुसराही फायदा आहे. एका थराची रेघ ५७ वरून सुमारे ८२ मिमी होते. दोन मिनार असतील तर १६४ मिमी. सेकंदाला १५ मिमी वेगाने त्याला ११ सेकंद लागतात. म्हणजे दोन मिनार आणि सात भिंती असे एकत्र केले, की १० सेकंदांची अट अगदी टोकापर्यंत पाळली जाते. अर्थात, थरात प्लास्टिक जास्त म्हणजे घालवायची उष्णताही जास्त. म्हणून एकट्या मिनाराला केवळ भिंती वाढवून भागत नाही.

इनफिलच्या नमुन्याने काय फरक पडतो?

इथे मजबुतीपेक्षा धक्के आणि थरथर महत्त्वाची. `Grid` या नमुन्यात एकाच थरातल्या रेघा एकमेकींना छेदतात. दुसरी रेघ ओढताना नोझल पहिल्या रेघेवरून जाते आणि प्रत्येक छेदावर थोडे प्लास्टिक साचते. थरामागून थर ते वाढत जाते आणि नोझल त्यावर घासू लागते. रुंद वस्तूत हे चालून जाते, सडपातळ वस्तूत प्रत्येक घासणीने शेंडा हलतो.

प्रुसास्लायसरचा `Rectilinear` आणि क्युराचा `Lines` या नमुन्यांत एका थराच्या रेघा एकाच दिशेने जातात, दिशा पुढच्या थरात बदलते. त्यामुळे त्या थरात छेद येत नाहीत. `Gyroid` मध्येही रेघा एकमेकींना छेदत नाहीत आणि सगळ्या दिशांनी सारखा आधार मिळतो. पण त्याच्या नागमोडी चालीमुळे काही प्रिंटर चांगलेच थरथरतात. ज्या प्रिंटरमध्ये बेडच पुढेमागे सरकतो, त्यात ही थरथर थेट मिनाराला बसते, कारण मिनार बेडवरच उभा असतो. अशा प्रिंटरवर अॅक्सिलरेशन निम्मे केल्याचा उपयोग होतो. बेड फक्त वरखाली जाणाऱ्या प्रिंटरमध्ये ही अडचण बरीच कमी असते.

शेंड्याकडे मात्र सर्वांत चांगला नमुना म्हणजे इनफिलच नसणे. चार मिमीच्या पोकळीत इनफिल भरताना नोझलला लहान लहान झटके देत मागेपुढे करावे लागते. सात भिंतींमध्ये ते संथपणे गोल फिरते. भिंती वाढवण्याच्या बाजूने हे आणखी एक कारण आहे.

अखेर सेटिंग कोणती ठेवायची?

पीएलए, ०.४ मिमी नोझल आणि १:४०० प्रमाणातल्या मिनारासाठी सुरुवात अशी करता येईल.

- संख्या : दोन मिनार, किंवा एक मिनार आणि एक खांब
- थर : ०.२ मिमी, सज्जांखाली ०.१२ मिमी
- भिंती : १५० मिमीपर्यंत तीन, त्यावर सात
- इनफिल : १० टक्के, `Rectilinear` किंवा `Lines`
- थराचा किमान वेळ : १० सेकंद, उन्हाळ्यात १२
- किमान वेग : सेकंदाला १५ मिमी
- फॅन : तिसऱ्या-चौथ्या थरापासून १०० टक्के
- नोझल : २०० अंश

छपाईआधी प्रुसास्लायसरच्या प्रीव्ह्यूमध्ये रंगांसाठी `Layer time` हा पर्याय निवडावा. कोणत्या उंचीवर थराचा वेळ कमी होतो, ते रंगावरून लगेच दिसते. जी-कोडची फाइल उघडून पाहिली, तर अशा ओळी सापडायला हव्यात.

```
M106 S255
G1 F900
```

पहिली ओळ फॅन पूर्ण वेगाने चालवते. ती फाइलच्या सुरुवातीच्या थरांमध्ये एकदाच येते आणि पुढे लागू राहते. दुसऱ्या ओळीतला आकडा दर मिनिटाला मिलिमीटरमध्ये असतो. मिनिटाला ९०० म्हणजे सेकंदाला १५. शेंड्याजवळ भर हाच आकडा दिसत राहिला, तर स्लायसरने वेगाची शेवटची मर्यादा गाठली आहे, असा त्याचा अर्थ.

बिघडलेल्या प्रिंटवरून कारण कसे ओळखायचे?

शेंडा चकचकीत, फुगीर किंवा पाघळलेला असेल, तर थराला वेळ कमी मिळाला आहे. पृष्ठभागावर बारीक लाटा असतील आणि त्या उंचीबरोबर वाढत असतील, तर कारण थरथर आहे. तिथे अॅक्सिलरेशन कमी करावे. एकाच बाजूच्या कडा मुडपत असतील, तर फॅनची हवा त्या बाजूला पोहोचत नाही. मिनार बेडवर ९० अंशांत फिरवून पाहावा.

मिनार मोडला असेल, तर तुटलेला भाग हातात घेऊन पाहावा. तुटलेली जागा सपाट, स्वच्छ आणि थराच्याच रेषेत असेल, तर दोन थर एकमेकांना नीट चिकटलेले नाहीत. म्हणजे तापमान फार कमी किंवा फॅन फार जोरात. पीएलएमध्ये हे क्वचित घडते. पीईटीजीमध्ये मात्र १०० टक्के फॅनने हमखास घडू शकते. त्यासाठी ३० ते ५० टक्के फॅनपासून सुरुवात करावी. एबीएससाठी फॅन जवळपास बंदच ठेवावा लागतो. त्यामुळे तिथे थंड होण्यासाठी वेळ देणे, हाच मुख्य उपाय उरतो.

एका वेळी एकच सेटिंग बदलावे. दर वेळी पूर्ण मिनार काढण्याचीही गरज नाही. प्रुसास्लायसरच्या `Cut` साधनाने वरचे ५० मिमी कापून तेवढेच छापले, तर पाऊण तासाच्या आत निकाल कळतो. त्यात उंचीमुळे वाढणारी थरथर दिसणार नाही, पण थंड होण्याची बाजू पूर्ण तपासली जाते.

सेटिंगने काय साधत नाही?

हाच मिनार १:८०० प्रमाणात काढला, तर शेंडा साडेतीन मिमीच्याही आत येतो. सात भिंतींना तिथे जागाच नाही आणि दोन मिनार घेऊनही थराला पुरेसा वेळ मिळत नाही. मग सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा मॉडेल सज्जाच्या रेषेत कापून दोन तुकड्यांत छापावे आणि चिकटवावे. तुकडा बुटका झाला की तरफेचा प्रश्न सुटतो आणि जोड सज्जाखाली झाकला जातो. थराच्या वेळासाठी मात्र अनेक शेंडे एकदम छापावे लागतात.

वस्तू शोभेची नसून ताण सोसणारी असेल, उदाहरणार्थ एखादी दांडी किंवा खुंटी, तर ती उभी छापूच नये. उभ्या वस्तूत थरांचे जोड आडवे येतात आणि वाकवताना तीच तिची कमजोर जागा असते. बेडवर आडवी टाकली, तर रेघा लांबीच्या दिशेने जातात आणि तीच दांडी कितीतरी जास्त भार घेते. आडव्या छपाईत खालची बाजू खडबडीत होते आणि मिनाराच्या उभ्या कंगोऱ्यांसारखे बारीक काम तिथे नीट उमटत नाही. म्हणून शोभेचा मिनार उभाच काढावा लागतो.